एकाच ढिगावर शिकलेला कान

माझा स्वभाव पहिल्यापासून तापट, आणि त्यात मला माझ्या उच्चारांचा भारी गर्व होता. वडील संस्कृतचे शिक्षक. लहानपणी संध्याकाळी परवचा म्हणताना एखादा ‘ण’ सैल सुटला, तर तो नीट होईपर्यंत माझं ताट वाढलं जात नसे. असा उपाशीपोटी कमावलेला ‘ण’ घेऊन मी चोविसाव्या वर्षी पुण्याहून कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले. तिथे बायकांचं एक ट्रेनिंग कॉलेज होतं. मला मराठी शिकवायचं होतं. आपण इथे जाऊन सगळ्यांच्या जिभा सरळ करणार, अशी माझी पक्की समजूत होती.

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. गावोगाव शाळा निघत होत्या आणि शिकवायला माणसं मिळत नव्हती. म्हणून फायनल, म्हणजे सातवी, पास झालेल्या बायकांना आधी नोकरीवर घेत आणि मागाहून ट्रेनिंगला पाठवत. त्यामुळे माझ्या वर्गात अठरा वर्षांच्या मुली होत्या, तशा दोन-तीन लेकरांच्या आयाही होत्या. सगळ्यांत थोरली होती थळची एक कोळीण. पस्तिशीची, काळीसावळी, हातापायांनी दणकट. नवरा तापाने गेलेला, मूल नाही, घरी म्हातारी आई. थळच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला तिने सहा वर्षं शिकवलं होतं. मागच्या वर्षी तिची परीक्षा मराठीत राहिली होती. या वर्षी पुन्हा राहिली, तर नोकरी जाणार आणि तिच्या जागी दुसरं कुणीतरी येणार, असा लेखी हुकूम तिच्या ट्रंकेत होता. पहिल्याच दिवशी तिने तो मला दाखवला आणि म्हणाली, “बाई, नायतर परत टोपली हाय डोक्यावर. टोपलीची लाज नाय. पन पोरं सुटतील.”

परीक्षेतलं तिचं कोडं सरळ होतं. परीक्षक दहा अनोळखी शब्द सांगत आणि ते ऐकून लिहावे लागत. शिवाय मुलांसमोर एक पाठ घ्यावा लागे. मुलं मोठ्याने वाचत, आणि कुठलं मूल कुठे चुकलं ते बाईने तिथल्या तिथे पकडायचं. थळकडच्या कोळ्या-आगऱ्यांच्या बोलीत ‘न’ आणि ‘ण’ एकच, ‘ल’ आणि ‘ळ’ही एकच. म्हणजे तिला नेमका जो फरक ऐकायला हवा होता, तो तिच्या घरात, आळीत, होडीवर, बाजारात कुणी कधी केलेलाच नव्हता.

हे मी आज शहाणपणाने लिहिते आहे. तेव्हा मला एवढंच दिसे, की या बाई वह्या स्वच्छ ठेवतात, गणितात पहिल्या येतात, आणि मी सांगितलेले शब्द मात्र मनाला येईल तसे लिहितात. डोळ्यांनी पाहून पाठ केलेले शब्द बिनचूक. नवा शब्द आला की नाणं उडवल्यासारखं, कधी हे तर कधी ते. दुसऱ्या महिन्यात माझा तोल गेला. “कानात बोळे घालून बसता का हो?” असं मी भर वर्गात म्हणाले.

ती उठून उभी राहिली. “बाई, तुमी दोनी येकच बोलता.”

वर्ग हसला. मला तो उद्धटपणा वाटला. मी तिला फळ्यापाशी बोलावलं, तोंड उघडून जीभ कशी मागे वळते ते दाखवलं आणि म्हणायला लावलं. तिने जीभ वळवली आणि इतका स्वच्छ ‘ण’ काढला, की माझ्या वडिलांनी तिला लगेच जेवायला वाढलं असतं.

“मग? येतो की!”

“बोलता येतंय,” ती म्हणाली. “ऐकाला नाय येत.”

या उत्तराने मी पंधरा दिवस धुमसत होते. जी गोष्ट तोंडाला येते ती कानाला येत नाही, हे मला पटेना. शेवटी तिला खोटं पाडायचं म्हणून मी दुपारच्या सुट्टीत तिला रिकाम्या वर्गात बसवलं आणि तिच्या पाठीमागे उभी राहिले. “मी दोन शब्द म्हणते. एकच की वेगळे, तेवढं सांगा.” मी ‘मन, मण’ म्हटलं. “येकच.” मग ‘मन, मन’. “येकच.” ‘ताण, तान’. “येकच, बाई.” वीस जोड्या झाल्या. तिच्या आवाजात ना चिडचीड होती ना लाज. तिला खरोखर एकच ऐकू येत होतं. माझ्या कानाला जिथे दोन दारं दिसत होती, तिथे तिला एकच दिसत होतं.

असं का होतं ते मला पुढे, पुष्कळ वर्षांनी, वाचनातून कळलं. तान्ह्या मुलाला जवळजवळ सगळेच फरक ऐकू येतात. पण भोवतालच्या माणसांचं ज्या फरकावाचून काही अडत नाही, तो फरक मुलाचा कान वर्षभराच्या आतच सोडून द्यायला लागतो. ते कानाचं आंधळेपण नव्हे, हुशारी आहे. दहा माणसं तोच शब्द दहा परींनी बोलतात. कानाने प्रत्येक बारीकसारीक गोष्टीकडे लक्ष दिलं, तर बोलणं कळायचंच नाही. म्हणून जे कामाचं नाही ते तो गाळतो. थळच्या बाईंच्या कानाने आपलं काम चोख केलं होतं. मी मात्र त्याला बोळे म्हणत होते, आणि याची मला अजून लाज वाटते.

त्या दुपारपासून मात्र मी इरेला पेटले. रोज सुट्टीत अर्धा तास, ती खुर्चीवर आणि मी पाठीमागे. मी शब्द सांगायचा, तिने ‘न’ की ‘ण’ ते सांगायचं, मी बरोबर-चूक सांगायचं. पहिला महिना अगदी कोरडा गेला. मग हळूहळू तिचं जमू लागलं. विसात तेरा, पंधरा, अठरा. आणि दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या एका दुपारी विसात वीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा वीस. मी हवेत गेले. तडक मुख्याध्यापिकांच्या खोलीत जाऊन सांगितलं, की थळच्या बाईंना मी कान दिले. अगदी याच शब्दांत सांगितलं.

मुख्याध्यापिका नागपूरकडच्या, कमी बोलणाऱ्या. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, “चला, मलाही ऐकू दे.”

वर्गात जाऊन त्यांनी माझाच कागद हातात घेतला, माझ्याच जागी उभ्या राहिल्या आणि माझेच वीस शब्द आपल्या संथ आवाजात सांगितले. थळच्या बाईंची अकरा उत्तरं बरोबर आली. नुसता अंदाज केला असता तरी दहा आली असती. मग मी सांगितले, वीस. मग त्यांनी सांगितले, दहा. कागद माझ्या हातात देऊन त्या निघून गेल्या. कुणी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं, इतकी मी तोंडघशी पडले होते.

मी थळच्या बाईंना म्हटलं, “हे कसं झालं?”

ती खाली बघून विचार करत होती. मग म्हणाली, “बाई, तुमी ण बोलाच्या आदी दम धरता. मोठ्या बाई नाय धरत.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला नीट ऐकू जावं म्हणून महिनोन्‌महिने मी ‘ण’ आधी नकळत थबकत होते, जोर देत होते. तिने तेवढं पकडलं होतं. तीन महिने राबून तिने ‘ण’ नव्हे, मला पाठ केलं होतं. आणि परीक्षेला मी थोडीच शब्द सांगणार होते!

मी त्या दिवशी हात टेकले. तसं तिला म्हणालेसुद्धा. ती मात्र बसलेली नव्हती रडत. म्हणाली, “रयवारी आमच्याकडं चला. माजी आय बोलवतेय कवापासनं.”

मी गेले ते खरं तर अपराधीपणाने. थळला तिचं घर वाळूलगत, अंगणात बोंबील वाळत घातलेले. माझं नाक पहिल्या पावलालाच बंड करून उठलं, पण मी ते दाबलं. आई सत्तरीच्या पुढची, वाकलेली, डोळे मात्र लखलखीत. ओटीवर सुक्या जवळ्याचा ढीग पसरून निवडत होती. मला बघताच तिने हात पुसले आणि विचारलं, “बाई, पानी घेता?”

मी ‘हो’ म्हटलं, आणि मनातल्या मनात तिचं ‘पानी’ दुरुस्तही केलं. सवयच तशी.

जवळा म्हणजे नखाएवढी बारीक कोळंबी. त्यात करंदीची, म्हणजे दुसऱ्या एका कोळंबीची, पिल्लं मिसळलेली असतात. म्हातारी ती वेगळी काढत होती. मला सगळा ढीग एकसारखाच दिसत होता, आणि मी तसं म्हणालेही. दोघी मायलेकी एकमेकींकडे बघून हसल्या. “बसा,” थळच्या बाई म्हणाल्या, “आज तुमी निवडा.”

मी ब्राह्मणाची मुलगी, सुक्या मासळीत हात घालून बसले. पुण्यात कळलं असतं तर! मी एक उचलून वेगळा ठेवला की म्हातारी “अंहं” म्हणायची आणि माझ्या हातावर हलकी चापट मारायची. बरोबर निघाला तर “हां” म्हणायची. समजावून काहीच सांगत नव्हती. तासाभरात मला जमायला लागलं, आणि चापटा बंद झाल्या. पिल्लं जरा लालसर असतात, हे मला कळून चुकलं होतं. मी खूष होऊन तसं सांगितलं.

थळच्या बाई आत गेल्या आणि रेवदंड्याहून आलेला दुसरा एक ढीग सुपात घेऊन आल्या. “आता ह्यो निवडा.”

त्या ढिगात सगळंच लालसर होतं. मला एकही धड निवडता येईना. म्हातारीच्या चापटा पुन्हा सुरू झाल्या. थळच्या बाई माझ्या हाताकडे बघत होत्या. मग त्यांचा चेहरा एकदम बदलला. त्या सूप खाली ठेवून माझ्यासमोर बसल्या.

“बाई, मी बी असंच केलं. तुमी येकच ढीग हाय. मी येकाच ढिगावर शिकली.”

मग त्यांनी सांगितलं, की लहानपणी आईने त्यांना असाच जवळा निवडायला शिकवला. आज थळचा, उद्या रेवदंड्याचा, परवा काशीदचा. कधी ओलसर, कधी खडखडीत, कधी नुसत्या सकाळच्या उजेडात. एका ढिगात रंग फसवतो, दुसऱ्यात लांबी फसवते. दहा ढीग झाले की जे प्रत्येक ढिगात खरं असतं तेवढंच हाताला उरतं. आणि चापट लगेच बसली पाहिजे. उशिरा बसली तर हाताला कळत नाही की कशाबद्दल बसली.

मी बी.ए., बी.टी. होते. शिकवण्याच्या पद्धतींवर मी मोठी पुस्तकं वाचली होती. त्या ओटीवर बसून मला वाटलं, की यातलं एकही पुस्तक या बाईने वाचलेलं नाही ते बरंच आहे.

दुसऱ्या दिवसापासून वसतिगृहाच्या मागच्या अंगणात दुपारच्या जेवणानंतर नवीच शाळा भरू लागली, आणि तिच्या मुख्याध्यापिका थळच्या बाई होत्या. त्यांनी आवाज गोळा केले. वाईकडची स्वयंपाकीणबाई, चिपळूणच्या दोन मुली, सोलापूरची एक, कऱ्हाडची एक, घाटावरून बदलून आलेला पोस्टमन, गावातले पान खाणारे पेन्शनर मास्तर, आणि शेवटी नागपूरकडच्या आमच्या मोठ्या बाईसुद्धा. पेणची एक आगरी मुलगी मोठ्या हौसेने शब्द सांगायला पुढे आली. तिचे दोन्ही शब्द आम्हाला सारखेच ऐकू आले. सगळ्या हसलो, तीही हसली, आणि थळच्या बाईंनी तिला हाताला धरून आपल्या शेजारी ऐकणाऱ्यांच्या बाजूला बसवलं.

शब्द सांगणाऱ्याने तोंडापुढे सूप धरायचं, कारण ओठ आणि जीभ दिसली की डोळे चुगली करतात. जोर द्यायचा नाही, थबकायचं नाही, नेहमी बोलतो तसंच बोलायचं. ऐकणारीने ‘ण’ वाटला तर शिंपला उजवीकडे टाकायचा, ‘न’ वाटला तर डावीकडे. शिंपला पडल्याबरोबर सांगणाऱ्याने “हां” किंवा “अंहं” एवढंच म्हणायचं. मला तर पहिले पंधरा दिवस शब्द सांगायलाच बंदी होती. “तुमी दम धरता,” असं मला सगळ्यांदेखत सांगितलं गेलं. मी निमूटपणे शिंपले मोजायला बसले. माझ्यासारख्या तिखट बाईला कुणी असं गप्प बसवलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

सुरुवातीला तर सगळं विस्कटलंच. माझ्या आवाजावर वीस मिळवणारी ती बाई आता अकरा-बारावर आली. एखादी खचली असती. ती रोज येत राहिली. स्वयंपाकीणबाईंचा घोगरा आवाज, पोस्टमनचा तुटक, मास्तरांचा पानात बुडालेला. आज एकाला जमलं तर उद्या दुसऱ्याला चुकायची. तेरा, बारा, चौदा, तेरा. परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. मला आतून धास्ती होती. तिलाही असणार, पण ती तोंडावर दाखवत नव्हती. एक दिवस मात्र तिने शिंपले खाली ठेवले आणि म्हणाली, “आज डोकं दुकतंय, बाई. इतका वारा हाय, समदं उडून जातंय.” वाऱ्यात आणि थकव्यात नवा कान सगळ्यांत आधी दगा देतो, हे मी तेव्हा शिकले. त्या दिवशी आम्ही नुसत्या बसलो.

मग एका दुपारी पेन्शनर मास्तर सुपामागून शब्द सांगत होते. ‘खाण’, ‘खान’, ‘मन’, ‘आण’. तिने ओळीने सात शिंपले बरोबर टाकले. आठव्याला ती थांबली आणि डोळे मिटून म्हणाली, “मास्तर, परत बोला.” त्यांनी म्हटलं. तिने डोळे उघडले.

“मी चुकीच्या जागी ऐकत होती. फरक न-ण मंदी नाय. त्याच्या आदीच हाय. ‘आ’ वलतो, बाई! खान बोलताना ‘आ’ सरल जातो. हितं तो मागं वलतो.”

मी स्वतःशीच पुटपुटून पाहिलं. खान, खाण. खान, खाण. आयुष्यभर मिरवलेला तो ‘ण’ मी तोपर्यंत कधी असा ऐकलाच नव्हता. जीभ मागे वळायला निघते ती आधीच्या स्वरातच, आणि तो स्वर तिच्याबरोबर किंचित वाकतो. मराठी शब्द ‘ण’ने सुरू होत नाही, म्हणून जोडाक्षर सोडलं, तर त्याच्या आधी स्वर असतोच. म्हणजे सुगावा दर वेळी हाताशी होता. मला तो फरक फुकट मिळाला होता, म्हणून तो कुठे राहतो याचा पत्ताच मला माहीत नव्हता. तिने तो दहा आवाजांच्या ढिगांतून निवडून काढला होता. मी तिथेच तिला नमस्कार केला. ती घाबरून “बाई, काय करता!” म्हणत मागे सरकली.

त्यानंतर ‘ळ’ला फारसा त्रास झाला नाही. कुठे कान लावायचा ते तिला ठाऊक झालं होतं. परीक्षेच्या आठवड्यात ती कुणाच्याही आवाजावर सतरा-अठराच्या खाली येत नव्हती. विसात वीस मात्र पुन्हा कधी आले नाहीत. ती म्हणाली, “आता खरे हाएत.”

परीक्षक बाहेरगावचे, म्हातारे, दात गेलेले. कोणीही तोपर्यंत न ऐकलेला आवाज. त्यात सकाळपासून समुद्रावरून वारा सुटला होता आणि खिडक्यांची दारं आपटत होती. मी व्हरांड्यात उभी होते. परीक्षक शब्द सांगू लागले, तशी तिने डोळे मिटले. प्रत्येक शब्दाला डोळे मिटायची, उघडून लिहायची, पुन्हा मिटायची. बाकीच्या मुली भराभर लिहीत होत्या. ती जड टोपली उचलावी तसा एकेक शब्द उचलत होती. दहा शब्दांत तिचे नऊ बरोबर निघाले, हे आम्हाला नंतर कळलं.

पण मला खात्री पटली ती पाठाच्या वेळी. सरावशाळेतली एक छोटी मुलगी धडा वाचत होती. वाचता वाचता ती ‘वेळ’ला ‘वेल’ म्हणून पुढे गेली. परीक्षकांनी पेन्सिल उचलली आणि बाईंकडे पाहिलं. थळच्या बाई फळ्यावर काहीतरी लिहीत पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांनी मागे न बघताच हात वर केला. “थांब बाळा, तो शब्द पुन्हा वाच.” बाळा म्हणताना त्यांचा ‘ळ’ही स्वच्छ होता. परीक्षकांनी पेन्सिल खाली ठेवली. मी व्हरांड्यात उभी राहून पदराने डोळे पुसत होते आणि शिपाई माझ्याकडे बघत होता.

ती पास झाली. थळची शाळा आणि पहिलीचा वर्ग तिच्याकडे राहिला.

पुढे साठ सालानंतर इंग्रजीचे वारे पुन्हा वाहू लागले, तेव्हा माझी पाळी आली. आम्हा शिक्षिकांना उच्चार सुधारायला एका छोट्या वर्गाला पाठवलं होतं. तिथे ग्रामोफोनवर एक साहेब दोन-दोन शब्द म्हणत असे. एकात ओठांवर दात टेकतात, दुसऱ्यात ओठ गोल होतात. आपल्याकडे दोन्हीला एकच ‘व’. बोलून दाखवायला मला दोन्ही यायचे. पण तबकडी फिरू लागली की माझ्या कानाला साहेब दोन्ही शब्द एकच बोलायचा. विसात अकरा. मी चिडून शेजारणीला म्हणाले, “हा माणूस दोन्ही एकच म्हणतो हो.” आणि म्हणता म्हणता माझीच जीभ चावली गेली.

त्या सुट्टीत मी थळला गेले. ती आता चाळिशी ओलांडलेली, केसांत पांढरं. वर्गात पोराबाळांपुढे सूप धरून उभी होती, आणि पाच-सहा वर्षांची पोरं शिंपले टाकत होती. तिला ज्याला सात महिने लागले, ते त्यांना पावसाळा संपायच्या आत यायचं. त्याचं तिला केवढं कौतुक! मी माझी तबकडीची हकिकत सांगितली, तशी ती पोट धरून हसली.

“किती ढीग ऐकलेत, बाई?”

“एकच. एक साहेब.”

“मंग!” ती म्हणाली, आणि पुन्हा हसत सुटली.

आम्ही घरी गेलो. म्हातारी आता अंथरुणाला खिळलेली होती, डोळेही गेले होते. आम्ही ओटीवर बसलो तेवढ्यात आतून तिची हाक आली, “पानी दे गं.”

थळच्या बाई उठल्या, पण लगेच आत गेल्या नाहीत. दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या.

“बाई, तुमाना येक सांगू? ट्रेनिंगवरनं परत आली ना, तवा पैल्याच दिवशी आयनं हाक मारली, आनि मना ऐकाला आलं. ‘पानी’. चाळीस वरसं ती बोलतेय, आनि मना त्यात कवा काय ऐकाला आलं नव्हतं. पानी म्हंजी पानी. त्या दिवशी पैल्यांदा वाटलं, माजी आय चुकतेय.” तिने चौकटीवरचा हात काढला. “लय रडली मी तवा. तुमाना नाय सांगितलं.”

तिचं ते ‘चाळीस’ मी ऐकलं. बाकी सगळं घरचं होतं, आणि मध्येच तो एक ‘ळ’ तिच्याही नकळत निसटला होता. मी तो तिला दाखवला नाही. इतक्या वर्षांनी मला एवढं तरी आलं होतं.

“मग तिला कधी सांगितलंत?” मी विचारलं.

“काय सांगायचं?” ती म्हणाली. आतून पुन्हा हाक आली. तिने माठातून तांब्या भरला, आत जाऊन आईच्या मानेखाली हात घातला आणि म्हणाली, “घे आय, पानी.”